पन्नाशीनंतरचे फ्लर्टी मेसेज: घटस्फोटित आणि जोडीदार गमावलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेली तीनेक वर्षं मला येतायत, बरेचसे रात्री साडेदहानंतर, आणि सुरुवात बहुतेक वेळा "हसू नकोस, पण" अशी. मी छप्पन्नची, घटस्फोटाला आठ वर्षं झाली, आणि का कोण जाणे पण मैत्रिणी, मैत्रिणींचे भाऊ, भावांचे मित्र सगळे "हे पाठवू का?" म्हणून ड्राफ्ट मलाच पाठवतात. खाली एक जोडी पुन्हा पुन्हा येईल, त्यांना मी ठाणेकर (58, बायको जाऊन चार वर्षं) आणि पुणेकरीण (53, घटस्फोटित) म्हणते. दोघांची परवानगी आहे, फक्त नाव नको म्हणाले, गावंही बदलायला लावली.

1. फ्लर्टी मेसेज म्हणजे नक्की काय? या वयात पोरकट नाही का वाटणार?

माझ्या मते त्यात दोन गोष्टी लागतात. एक, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की याचं आपल्याकडे लक्ष आहे. दुसरी, त्याला नको असेल तर नुसतं हसून विषय बदलता आला पाहिजे. "तुम्ही खूप सुंदर आहात" यावर थँक्यूशिवाय काय लिहिणार? "तुमच्यासारखी व्यक्ती भेटली तर आयुष्य बदलेल" यात तर सुटकेची वाटच नाही, माणूस घाबरून फोन पालथा ठेवतो. त्यापेक्षा हे बघा: "साखर नको म्हणून चहा परत केलात आणि माझ्या बशीतली नानकटाई उचललीत, लक्षात आहे माझ्या." कौतुक नाही, प्रेम नाही, पण लक्ष आहे आणि थोडी खोडी आहे.

पोरकट वाटतं ते पंचविशीतल्या मुलांची शायरी कॉपी केल्यावर. पाठवायच्या आधी एवढंच बघा, हाच मेसेज तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या कोणाला जसाच्या तसा जाऊ शकतो का? जात असेल तर तो पुसा.

2. पहिला मेसेज काय पाठवू? तासभर "हाय" लिहून खोडतोय.

ठाणेकरांचंच सांगते. एका दिवसाच्या ग्रुप ट्रिपला दोघं वाई-मेणवलीला गेले होते, बसमधून उतरताना त्यांनी नंबर मागितला आणि तिने दिला. (हे महत्त्वाचं आहे, ट्रिपच्या ग्रुपमधून परस्पर नंबर उचलून मेसेज केला की पहिल्याच ओळीला तुम्ही संशयित.) दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ड्राफ्ट पाठवला: "हाय, कशा आहात? काल तुम्हाला भेटून खूप छान वाटलं. तुम्ही खूप साध्या आणि सुंदर आहात. आपण रोज बोलूया का?"

मी म्हटलं, ती चंदेरी नेसून, केस सेट करून आली होती आणि तुम्ही तिला साधी म्हणताय. शिवाय पहिल्याच मेसेजमध्ये रोजचा करार. तिच्याबद्दल नेमकं काय आठवतंय ते सांगा. तर म्हणाले, मेणवलीच्या घाटावर देवळात ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे ना, चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हाची, ती बघताना तिने गाइडला विचारलं की वसईकरांनी कधी परत मागितली नाही का, आणि गाइडची बोलतीच बंद. झालं की मग, हाच मेसेज. शेवटी हे गेलं:

"नमस्कार, कालच्या बसमध्ये मागे बसून शेंगदाणे सांडणारा तो मी. घंटा परत मागितली नाही का, हे विचारून तुम्ही गाइडला गार केलंत. मी रात्री बारापर्यंत त्याचंच उत्तर शोधत बसलो, सापडलं नाही, झोप मात्र गेली, त्याचं श्रेय तुम्हाला."

उत्तर वीस मिनिटांत: "श्रेय नको, शेंगदाणे चालतील."

यात आपण कोण ते आधी सांगितलंय, कारण नंबर देऊनही पन्नाशीत नावं लक्षात राहत नाहीत. चेष्टा स्वतःची केलीये. आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाहीये, "झोप गेली" एवढ्यावरच सोडलंय, तिला पकडायचं तर पकडू दे. वेळ म्हणाल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. त्याच रात्री केला तर घाई वाटते, आठवड्याने केला तर तिला शेंगदाणे आठवणार नाहीत.

3. "तू" म्हणू की "तुम्ही"? आणि नावापुढे काय लावू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सुरुवात "तुम्ही"नेच करा, आणि "तुम्ही" म्हणजे कोरडं हा गैरसमज आहे, "तुम्ही ना, ऐकणार नाहीच" यात जो लाड आहे तो घाईच्या "तू" मध्ये नाही. "आपण" मात्र नको, "आपला मेसेज मिळाला" वाचून सोसायटीची नोटीस आल्यासारखं वाटतं.

"तुम्ही" वरून "तू" वर येणं हाच मराठीतला सगळ्यात मोठा फ्लर्ट आहे, तर तो गुपचूप उरकू नका, विचारून करा. ठाणेकरांनी अकराव्या दिवशी लिहिलं, "तुम्ही तुम्ही म्हणून तोंड दुखायला लागलंय, एकवचनात आलो तर चालेल?" ती: "टाइप करून तोंड कसं दुखतं?" आणि मग दोन मिनिटांनी, "ये." एक अक्षर आणि मात्रा. त्यांनी मला स्क्रीनशॉट पाठवला होता, रात्री पावणेबाराला. तुम्ही "तू" लिहून बघितलंत आणि समोरून "तुम्ही"च आलं तर काही न बोलता परत फिरा. आणि पुरुषांनो, तुम्ही "तू" आणि ती अजून अहो-जाहो हे चालू ठेवू नका, ते फ्लर्टिंग नाही, तो जुना संसार आहे.

"अहो" बद्दल जपून. आपल्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी नवऱ्याला आयुष्यभर "अहो" म्हणूनच हाक मारलीये, त्यामुळे "अहो, ऐका ना" हे मेसेजमध्ये लिहिलं की ते साधं संबोधन राहत नाही. एका विधुर गृहस्थांना असा मेसेज आला, त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही, राग नव्हता, त्यांना रडू आलं होतं. गंमत म्हणून लवकर वापरू नका, मनात असेल तेव्हाच वापरा.

ताई, दादा, भाऊ, वहिनी, काका हे सगळे बंद. सवयीने एकदा "ताई" गेलं की पुढचे पंधरा दिवस ते निस्तरण्यात जातात. "जी" लावलं की विवाह मंडळाचा फॉर्म वाटतो, अर्थात तुम्ही नागपूर-अमरावतीकडचे असाल तर तुमच्या बोलण्यातला "जी" गोडच आहे, तो तसाच लिहा. "डिअर" नको, का ते प्रश्न 10 मध्ये.

4. रोज गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं तर टच राहतो ना?

नाही. तेच फूल तिला मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि गॅसवाला पाठवतो. सकाळी काहीतरी पाठवायचंच असेल तर तुमच्या खिडकीतला, आत्ताचा, वाकडा का होईना पण स्वतः काढलेला फोटो पाठवा आणि खाली एक ओळ.

5. समोरून इंटरेस्ट आहे की नुसता चांगुलपणा, कसं ओळखायचं?

उत्तर किती लांब आहे त्यावर जाऊ नका, आपल्या वयाचे काही लोक सगळ्यांनाच निबंध लिहितात आणि काहींना एका बोटाने टाइप करावं लागतं. तुम्ही सांगितलेली बारीक गोष्ट समोरून परत येते का ते बघा. पुणेकरणीने सहा दिवसांनी विचारलं, "शेंगदाणे सोलून खाता की सालासकट?" या माहितीचा तिला काडीचा उपयोग नव्हता, आणि म्हणूनच ती खूण होती. गरज नसताना विचारलेला प्रश्न, स्वतःहून सांगितलेली दिवसभरातली फालतू गोष्ट, "पुढच्या महिन्यात तिकडे नाटक लागतंय" असं हवेत सोडलेलं वाक्य, हे सगळं हो च्या बाजूचं.

उलट बाजूला, तुमच्या खोडीवर तीन-चार वेळा नुसता हात जोडलेला इमोजी किंवा अंगठा आला की समजा दार लोटलंय. एकदाच आला तर काही नाही, काही जण तो इमोजी पूर्णविरामासारखा वापरतात.

6. थोडं चावट लिहिलं तर चालतं का? किती पुढे जायचं?

चालतं, आणि पन्नाशीत ते लिहिणाऱ्यांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, माझा इनबॉक्स साक्षीला आहे. पण पायरी एकच चढायची आणि मग थांबून समोरचा चढतो का ते बघायचं. तो चढला तर पुढची, नाही तर परत शेंगदाण्यांवर.

सुरुवात आवाज, हात, केस, अत्तर, हसण्याची पद्धत अशा गोष्टींपासून करा, फिगरपासून नाही. "आज फोनवर तुझा आवाज बसलेला होता, काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगू, ठेवावासा वाटला नाही फोन" हे माझ्या मते पुरेसं चावट आहे. तिचं उत्तर होतं, "मग उद्याही सर्दी ठेवते." ती एक पायरी चढली, आता पुढचं त्याच्यावर.

वयावरचे विनोद स्वतःपुरते ठेवा. "सिंहगडावर येतेस? माझ्या गुडघ्यांची परवानगी काढलीये" छान आहे. "तुझ्या गुडघ्यांना झेपेल का?" लिहिलंत की संपलं. आणि एक नियम मी स्वतःलाही लावते, समोर बसून, चहाचा कप हातात असताना जे म्हणायची हिंमत नाही ते लिहायचं नाही, कारण लिहिलेलं राहतं.

फोटोंबद्दल सरळ सांगते: चेहरा दिसेल असा कपड्यांविना फोटो कोणालाही नको. "एकदाच दिसेल" वाला पर्याय वापरला तरी समोरचा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढू शकतो, त्यावर ॲपचं काही चालत नाही.

7. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली. कोणीतरी छान बोलतंय, मलाही बोलावंसं वाटतं, पण लिहिताना हात थांबतो. काय करू?

थांबला तर थांबू द्या, त्या दिवशी फ्लर्टी काही लिहायलाच हवं असं कुठे आहे. एकदाच, साध्या शब्दात, नवऱ्याचं नाव घेऊन सांगून टाका की ते असे असे गेले, कधीकधी मी मध्येच गप्प होते, त्याचा अर्थ तुमच्याशी जोडू नका. हे सांगितलं की पुढची गप्पगप्प दुसऱ्याला टोचत नाही. त्यांच्याशी तुलना मात्र चांगली किंवा वाईट कुठलीच लिहू नका.

समोरच्यासाठी: "आता मी आहे ना" हे वाक्य कितीही प्रेमाने आलं तरी नको. गेलेल्या माणसाच्या जागेवर कोणी अर्ज मागवलेले नसतात. आणि तिच्या टिकली-बांगड्यांवर कौतुकाच्या नावाखालीही सूचना नको. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा केवढी बातमी झाली होती, म्हणजे हा विषय किती ओला आहे बघा. "टिकली लावलीत तर छान दिसाल" लिहिणाऱ्याला वाटतं आपण पुढारलेले आहोत, वाचणारीला मात्र वाटतं आणखी एक जण माझ्या कपाळावर मत देतोय.

ठाणेकरांची गोष्ट इथे सांगायला हवी. पितृपक्षात ते दोन दिवस गायब झाले, पुणेकरणीला वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "बायकोचं श्राद्ध होतं. लपवायचं नव्हतं, पण काय लिहायचं तेही कळेना." तासाभराने तिचं उत्तर आलं, "नैवेद्याला काय केलं होतं?" त्यांनी खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं लिहिलं, आणि शेवटी, की अळूची भाजी तिच्यासारखी कधीच जमत नाही. तिने लिहिलं, "मला तर अजिबातच जमत नाही." बास, त्या रात्री आणखी काहीच नाही. मी आजवर बघितलेल्या सगळ्या चॅट्समधला मला सगळ्यात जवळचा वाटलेला संवाद हाच, आणि यात फ्लर्टिंग शून्य आहे. हलकंफुलकं परत सुरू झालं चार दिवसांनी, आणि तेही तिने केलं.

8. घटस्फोटाची केस अजून चालू आहे. मेसेज करायला हरकत नाही ना?

आधी वकिलाला विचारा, खरंच. व्हॉट्सॲप चॅट कोर्टात पुरावा म्हणून दाखल होऊ शकतं आणि तुमचा गोड मेसेज समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकायला फार वेगळा वाटतो. आणि ज्याला मेसेज करताय त्यालाही केस चालू आहे हे पहिल्या काही दिवसांतच सांगा, "घटस्फोटित" लिहून "होईलच लवकर" हे नंतर सांगणं म्हणजे फसवणूकच. निकाल लागलेला असला तरी एक्सचे किस्से मेसेजमध्ये नकोत. मी स्वतः सुरुवातीला एकाला अडीच पानं लिहिली होती, त्याने "काळजी घ्या" लिहिलं आणि ते त्याचं शेवटचं.

9. ब्लू टिक आली पण उत्तर नाही. परत करू का?

एकदा. चार-पाच दिवसांनी, आधीच्या मेसेजचा उल्लेख न करता, नवीन आणि हलकं काहीतरी. "पाहिलंत पण उत्तर नाही" हे तर कधीच नाही. त्यालाही उत्तर नाही आलं तर विषय संपला.

"नको" असं स्पष्ट आलं असेल तर एकदाही नाही. हे फक्त शिष्टाचाराचं नाहीये. बाईने इंटरेस्ट नाही हे स्पष्ट केल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो पाठलाग ठरू शकतो, जुलै 2024 च्या आधी हेच आयपीसीचं 354-ड होतं. "मी तर फक्त गुड नाइट पाठवत होतो" म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका. आणि ज्यांना नाही म्हणायचंय त्यांनी "सध्या बिझी आहे" लिहू नका, समोरचा पुढच्या महिन्यात परत येतो. "बोलून छान वाटलं, पण मला यात पुढे जायचं नाहीये" एवढं पुरे.

10. खूप सुंदर मेसेज येतात, पण काहीतरी खटकतंय. फ्रॉड कसा ओळखू?

प्रश्न 1 मधली कसोटी इथेही लावा. फ्रॉडवाल्याचे मेसेज कोणालाही जाऊ शकतील असेच असतात, कारण ते खरंच वीस जणांना जात असतात. "डिअर", "माय क्वीन", "जेवलात का डिअर", दिवसातून चार वेळा, पण तुम्ही काल काय सांगितलं ते आठवत नाही. परदेशातला डॉक्टर, जहाजावरचा इंजिनिअर, आर्मीतला अधिकारी, व्हिडिओ कॉल कायम "नेटवर्क नाही", आणि मग कस्टममध्ये अडकलेलं पार्सल किंवा भरघोस नफ्याचं इन्व्हेस्टमेंट ॲप. परीक्षा घ्यायची तर परवाच्या तुमच्या एखाद्या फालतू गोष्टीबद्दल विचारा, शेंगदाण्यांसारख्या.

दुसरा प्रकार बहुतेक पुरुषांसोबत होतो: अनोळखी बाईचा गोड मेसेज, दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल, समोर कपडे काढलेली बाई, तुमचं रेकॉर्डिंग आणि मग पैशांची मागणी. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागण्या वाढतात. चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. कुठल्याही प्रकारात पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. लाज वाटून चार दिवस घालवणारेच जास्त बुडतात.

11. चुकून फॅमिली ग्रुपवर गेला! आणि मुलं माझा फोन बघतात, त्याचं काय?

मेसेज दाबून धरा, सगळ्यांसाठी डिलीट करा, साधारण दोन दिवसांपर्यंत करता येतं, पण "मेसेज डिलीट केला" अशी खूण राहते आणि ती बघून नणंद विचारणारच. नुसता शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांत एडिट होतो. एका मैत्रिणीचा "आज कुठला शर्ट घातलायस" हा माहेरच्या ग्रुपवर गेला, तिने डिलीट न करता खाली लिहिलं "बाबा, तुमच्यासाठी होता", आणि तिच्या ऐंशी वर्षांच्या बाबांनी "निळा" असं उत्तर दिलं.

मुलांचं म्हणाल तर सेटिंगमध्ये `Linked devices` उघडून बघा, मुलाने कधीतरी प्रिंट काढायला त्याच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप जोडलेलं असतं आणि ते चालूच राहतं. अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट करा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, आणि तेवढी एक चॅट वेगळी लॉक करून ठेवता येते. मुलांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण त्यांना ते स्क्रीनवर फ्लॅश झालेल्या ओळीतून कळू नये एवढं तरी बघा.

12. माझे मेसेज मुलगी लिहून देते. चालेल ना?

एखाद-दुसरा शब्द सुचवला तर चालेल. पण एका काकांची मुलगी रोज लिहून द्यायची, "क्यूट", "लोल" वगैरे, आणि मग त्या बाई भेटल्यावर म्हणाल्या, तुम्ही मेसेजमध्ये वेगळेच असता. वाक्य अडखळत असलं तरी तुमचं असू दे. टाइप करायचा कंटाळा असेल तर तीस सेकंदांची व्हॉइस नोट करा. तीन मिनिटांची नको, ते कीर्तन होतं.

13. दोघांशी बोलतेय, अजून कशातच काही ठरलेलं नाही. यात चुकीचं काही आहे का?

ठरलेलं नाही तोवर नाही, कोणी विचारलं तर खरं सांगा म्हणजे झालं. फक्त एकच ओळ दोघांना पाठवू नका. हे लिहिणाऱ्या बाईंनी पावसाळी ढगांचा फोटो आणि "हे बघून तुझीच आठवण आली" हे दोघांनाही एकाच संध्याकाळी पाठवलं. ते दोघं एकाच मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर बसून एकाने दुसऱ्याला कौतुकाने तो फोटो दाखवला. आता ते दोघं रोज एकत्र चहा पितात म्हणे, बाईंना कोणाचाच मेसेज नाही.